'लाइफटाइम' स्टोरेज की महिन्याचा प्लॅन? घरचा ठेवा सोपवण्याआधी काय तपासायचं



मागच्या महिन्यात मधल्या सुट्टीत आमच्या शाळेतले एक सर मोबाईल घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "मॅडम, हे बघा. एकदाच १६,८०० रुपये भरायचे आणि ५०० जीबी जागा आयुष्यभर आपली. दर महिन्याला पैसे कापले जायची कटकट नाही. घेऊ का?"

सरांकडे आजोबांची पत्रं आहेत. वडील शिक्षक होते, त्यांच्या शाळेतले जुने फोटो आहेत. लग्नाच्या व्हिडिओ कॅसेट त्यांनी दुकानातून कॉम्प्युटरवर करून आणल्यात. हे सगळं एका जुन्या लॅपटॉपमध्ये पडलंय आणि तो लॅपटॉप आता चालू व्हायला दहा मिनिटं घेतो. त्यामुळे त्यांची घाई मला समजत होती. तरी मी म्हटलं, "सर, दोन दिवस थांबा. आपण हिशोब करू." तो हिशोब आणि त्यातून निघालेल्या तपासण्या आज इथे लिहिते आहे.

आधी ठेवा केवढा आहे ते मोजू

जागा किती लागेल हे अंदाजाने ठरवू नका. सरांच्या बाबतीत आम्ही कागदावर असं मांडलं.

आजोबांच्या पत्रांची पानं साधारण ६००. ए-फोर आकाराचं पान ३०० डीपीआयवर रंगीत स्कॅन करून टिफ फाईल ठेवली तर एक पान सुमारे २६ एमबीचं होतं. म्हणजे ६०० पानांचे जवळपास १६ जीबी. तेच पान जेपीईजीमध्ये ठेवलं तर दोन-चार एमबीत बसतं. पण शाई फिकट झालेली पत्रं पुन्हा कधी इतकी चांगली स्कॅन होतील सांगता येत नाही, म्हणून सरांनी मोठी फाईल ठेवायचं ठरवलं. फोटो वीस हजारांच्या आसपास, साडेतीन एमबीच्या हिशोबाने ७० जीबी. कॅसेटचे दहा तासांचे व्हिडिओ ३० जीबी. मोबाईलवरचे व्हिडिओ ४४ जीबी. एकूण १६० जीबी.

म्हणजे सरांना ५०० जीबीची गरज आज नाही. २०० जीबीचा प्लॅन पुरतो. जाहिरातीतली जागा मोठी दिसते म्हणून ती स्वस्त वाटते. पण वापरणार नाही त्या जागेचे पैसे मोजले तर ती स्वस्त कशी?

'आयुष्यभर' म्हणजे कोणाचं आयुष्य?

वर्गात आपण शब्दाचा अर्थ विचारतो तसा इथेही विचारायचा. 'लाइफटाइम' हा शब्द जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो आणि त्याचा अर्थ सेवेच्या अटींमध्ये बारीक अक्षरात असतो.

पीक्लाऊड ही अशा योजना विकणारी स्वित्झर्लंडची माहितीतली कंपनी. त्यांनी अर्थ सरळ लिहून ठेवला आहे: ९९ वर्षं किंवा खातेदाराचं आयुष्य, यातलं जे कमी असेल ते. हे लपवलेलं नाही, ही त्यांची चांगली बाजू. पण आपल्या कामासाठी हे वाक्य दोनदा वाचा. खातं सरांच्या नावावर असेल तर 'लाइफटाइम' सरांचं. आजोबांची पत्रं मात्र सरांनंतर त्यांच्या नातवंडांपर्यंत पोचायला हवीत. म्हणजे ज्या दिवशी ठेव्याची खरी गरज लागणार, नेमका त्याच दिवशी करार संपतो.

काही कंपन्या 'लाइफटाइम'चा अर्थ 'ही सेवा चालू असेपर्यंत' असा लावतात. तिथे आयुष्य खातेदाराचं नाही, कंपनीचं असतं. आणि जिथे अर्थ लिहिलेलाच नाही तिथे तो अर्थ कंपनी ठरवणार, आपण नाही.

आता कंपनीच्या बाजूने बघू. आपण पैसे एकदा देतो. पण डिस्क, वीज, बिघडलेल्या डिस्कच्या जागी नवी डिस्क, माणसांचे पगार हा खर्च दर महिन्याला चालूच राहतो. हा खर्च साधारण किती, याचा अंदाज घ्यायला बॅकब्लेझ या अमेरिकन कंपनीचा जाहीर दर उपयोगी पडतो. ही कंपनी इतर व्यवसायांना जागा भाड्याने देते. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांनी एक टीबीला महिना ६ डॉलर हा दर लावला. त्या दराने ५०० जीबीचे महिन्याला ३ डॉलर, वर्षाला ३६ डॉलर. सरांच्या जाहिरातीतली रक्कम डॉलरमध्ये २०० धरू. २०० भागिले ३६ म्हणजे साडेपाच वर्षं. सरांनी पूर्ण जागा भरली आणि कंपनीला हाच दर पडत असेल, तर सहाव्या वर्षी सरांचे पैसे संपलेले असतील.

मग अशा कंपन्या चालतात कशा? एक तर बहुतेक लोक घेतलेली जागा पूर्ण भरत नाहीत. दुसरं, स्वतःची यंत्रं असली तर खर्च या दरापेक्षा कमी येतो. आणि तिसरं, नवीन ग्राहक येत राहतात. पहिल्या दोन गोष्टींत गैर काही नाही. तिसऱ्या गोष्टीवर जिचं जास्त भागतं, ती कंपनी नवीन ग्राहक आटले की अडचणीत येते. म्हणून बघा की त्या कंपनीकडे महिन्याचे-वर्षाचे प्लॅन घेणारे नेहमीचे ग्राहकही आहेत का. फक्त लाइफटाइमच विकत असेल, आणि 'शेवटचे तीन दिवस' वर्षभर चालू असेल, तर मी तरी हात आखडता घेईन.

महिन्याचा प्लॅनही निर्धोक नाही

इथे मला आमच्या घरचं सांगावं लागेल.

माझे मोठे काका हौशी. आजीच्या जात्यावरच्या ओव्या त्यांनी खूप वर्षांपूर्वी टेपरेकॉर्डरवर भरून घेतल्या होत्या. पुढे त्या कॅसेटच्या फाईली करून त्यांनी त्या घरच्या फोटोंसोबत एका परदेशी सेवेवर टाकल्या. महिन्याचा प्लॅन, पैसे त्यांच्या कार्डावरून. फाईली झाल्यावर कॅसेटला बुरशी लागली म्हणून टाकूनही दिल्या.

काका गेले. रीतीप्रमाणे बँकेचं खातं बंद केलं, कार्ड आपोआप बंद झालं. सेवेने पैसे भरा म्हणून मेल पाठवले असणार, पण ते काकांच्या मेलवर. त्यांचा मोबाईल रिचार्ज कोणी केला नाही, तो नंबरही गेला. वर्षश्राद्धाला चुलतभाऊ म्हणाला की आजीच्या ओव्या लावू या. पासवर्ड वहीत सापडला, पण ओटीपी बंद पडलेल्या नंबरवर जात होता. सेवेला लिहिलं तर उत्तर आलं की थकबाकीमुळे खातं काही महिन्यांपूर्वीच काढून टाकलं आहे. आज आमच्याकडे आजीच्या आवाजाचा व्हॉट्सॲपवर कोणाला तरी पाठवलेला चाळीस सेकंदांचा तुकडा आहे. तेवढाच.

यात सेवेने अटी मोडल्या असं मी म्हणणार नाही. सगळं एका माणसाच्या नावावर, एका कार्डावर आणि एका सिमवर होतं, आणि ते कोणाच्याच लक्षात आलं नाही.

पैसे थांबल्यावर काय होतं हे प्रत्येक सेवेचं वेगळं असतं. गूगलचं उदाहरण घेऊ, कारण ते आपल्यातल्या बहुतेकांकडे आहे. मोफत १५ जीबी जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते. प्लॅन बंद पडला आणि सामान त्याहून जास्त असेल तर नवीन काही चढत नाही, मेलही थांबतात. अशी स्थिती दोन वर्षं राहिली तर गूगल सामान काढून टाकू शकतं. शिवाय दोन वर्षं कोणी उघडलंच नाही असं वैयक्तिक खातं पुसण्याचा नियमही त्यांनी डिसेंबर २०२३ पासून लावला. दोन वर्षं हा चांगला अवधी आहे. काकांच्या सेवेचा अवधी काही महिन्यांचाच होता. पैसे भरण्याआधी अटींमध्ये हा आकडा शोधा.

रुपयांचा हिशोब

आता सरांचा मूळ प्रश्न: स्वस्त काय? २०० जीबीचा प्लॅन महिन्याला १७५ रुपयांच्या आसपास, म्हणजे वर्षाला २,१०० रुपये धरू. १६,८०० भागिले २,१०० म्हणजे आठ वर्षं. वरवर पाहता नवव्या वर्षापासून लाइफटाइम फायद्याचं.

पण तेच १६,८०० रुपये बँकेत ठेवले आणि साडेसहा टक्के व्याज धरलं, तर त्यातून दर वर्षी २,१०० काढत साधारण दहा-अकरा वर्षं निभतात. म्हणजे लाइफटाइम योजना फायद्याची ठरायला ती कंपनी निदान अकरा वर्षं टिकली पाहिजे, आणि तोपर्यंत महिन्याचे दर फार वाढले नाहीत असं धरलंय. दर वाढले तर हा काळ कमी होईल. आपला ठेवा वाढला आणि २०० जीबी अपुरे पडले तरी कमी होईल.

अकरा वर्षं हा या धंद्यात मोठा काळ आहे. बिटकासा नावाच्या कंपनीने अमर्याद जागा देऊ केली होती. २०१४ मध्ये तिने तो प्लॅन बंद केला आणि २०१६ मध्ये लोकांच्या फाईली साठवण्याची सेवाच गुंडाळली. आणि फक्त लहान कंपन्याच असं करतात असंही नाही. ॲमेझॉनने आपली ड्राइव्ह सेवा ३१ डिसेंबर २०२३ ला बंद केली. फरक एवढाच की ॲमेझॉनने जुलै २०२२ मध्येच कळवलं होतं, म्हणजे जवळपास दीड वर्ष आधी. याउलट २०१३ मध्ये निर्वाणिक्स या कंपनीने आपल्या ग्राहकांना, जे स्वतः मोठे व्यवसाय होते, सामान हलवायला दोनच आठवडे दिले.

दोन आठवडे पुरतील का?

हा प्रश्न आमच्यासारख्या गावातल्या माणसांनी नक्की विचारावा. सरांचे १६० जीबी परत उतरवायचे आहेत. शहरात ४० एमबीपीएसचं वायफाय असेल तर नऊ-दहा तासांत काम होतं. पण सरांच्या घरी वायफाय नाही, मोबाईलचा रोज दीड जीबीचा पॅक आहे. १६० भागिले दीड म्हणजे १०७ दिवस! तेही घरातल्या कोणी दुसरं काही न बघता. दोन आठवड्यांत २१ जीबी उतरेल. बाकीचं गेलं.

म्हणून कंपनी किती मोठी आहे हे बघण्याइतकंच हेही बघायचं की आपलं सामान आपल्याला किती लवकर बाहेर काढता येतं. सरांना मी सांगितलं की एक हार्ड डिस्क घ्यायचीच. आधी सगळं डिस्कवर, मग त्याची प्रत इंटरनेटवर. डिस्क घरात असेल तर सेवा उद्या बंद झाली तरी १०७ दिवस मोजत बसावं लागत नाही. डिस्क पडली, पाण्यात भिजली तर इंटरनेटवरची प्रत आहे.

सोपवण्याआधीच्या चार तपासण्या

पहिली, *अटींमधली तीन वाक्यं.* 'लाइफटाइम'चा अर्थ काय, पैसे थांबल्यावर किती दिवसांनी फाईली पुसतात, आणि सेवा बंद करताना किती दिवस आधी कळवतात. ही तीन वाक्यं शोधून त्यांचा स्क्रीनशॉट ठेवा. तिसरं वाक्य बऱ्याच ठिकाणी सापडतच नाही. तेही एक उत्तरच समजा.

दुसरी, *परत मिळतं का?* सगळं चढवण्याआधी पन्नास फाईली चढवा: काही पत्रं, काही फोटो, एक व्हिडिओ. नावं मुद्दाम मराठीत ठेवा. आठवड्याने त्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवा. फोल्डर तसेच आहेत का, मराठी नावं वाचता येतात का, फोटोची तारीख टिकली का, ते बघा. गूगल फोटोमधून 'टेकआउट' करून सामान काढलं तर बरीच माहिती फोटोसोबतच्या वेगळ्या जेसन फाईलमध्ये येते. त्या फालतू समजून काढून टाकू नका.

फाईल जशी दिली तशीच परत आली का, हे नुसतं डोळ्यांनी कळत नाही. काही सेवा जागा वाचवायला फोटो दाबून लहान करतात आणि पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. विंडोजमध्ये यासाठी सोपा उपाय आहे. मूळ फाईल एका फोल्डरमध्ये, परत आलेली दुसऱ्यात ठेवा आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये हे टाइप करा:

```
certutil -hashfile D:\mool\patra01.tif SHA256
certutil -hashfile D:\parat\patra01.tif SHA256
```

प्रत्येक ओळीला ६४ अक्षर-अंकांची एक लांब ओळ उत्तरात येते. ही त्या फाईलचा अंगठ्याचा ठसा समजा. दोन्ही ठसे सारखे तर फाईल जशीच्या तशी आहे. वेगळे आले तर वाटेत काहीतरी बदललं. सरांच्या चाचणीत पत्रांचे ठसे जुळले, फोटोंचे जुळले नाहीत. शोधल्यावर कळलं की फोटो ॲपमध्ये 'स्टोरेज सेव्हर' चालू होतं. ते बदलून 'ओरिजिनल क्वालिटी' केल्यावर जुळले.

तिसरी, *किल्ली कोणाकडे?* काही सेवांमध्ये फाईली अशा कुलूपबंद करता येतात की कंपनीलाही त्या उघडता येत नाहीत. आधार, सातबारा, दवाखान्याची कागदपत्रं यांच्यासाठी हे चांगलं. पण तिथे पासवर्ड विसरला तर कंपनीही काही करू शकत नाही. घरच्या फोटोंना एवढं कुलूप लागतं का, याचा विचार करा. लावलंच तर पासवर्ड कागदावर लिहून घरात दोघांना माहीत असलेल्या जागी ठेवा.

चौथी, *माझ्यानंतर कोण?* काकांच्या अनुभवानंतर मी ही सगळ्यात महत्त्वाची मानते. गूगलमध्ये Inactive Account Manager नावाची सोय आहे. आपण खातं किती काळ वापरलं नाही तर ते बंद पडलं असं समजायचं, हे ३ महिन्यांपासून १८ महिन्यांपर्यंत ठरवता येतं आणि दहा जणांपर्यंत नावं देता येतात. त्यांना कळवलं जातं आणि आपण ठरवलेलं सामान उतरवून घेता येतं. ॲपलमध्ये Legacy Contact आहे. ज्या सेवेत अशी काहीच सोय नाही, तिथे खातेदार गेल्यावर वारसाने काय करायचं हे पैसे भरण्याआधी मेल करून विचारा. उत्तर येतं का, कधी येतं, यावरूनही बरंच कळतं.

सरांनी काय ठरवलं?

सरांनी लाइफटाइम योजना घेतली नाही. वर्षाचा २०० जीबीचा प्लॅन घेतला, एक टीबीची हार्ड डिस्क घेतली आणि दोन्हीवर तेच सामान ठेवलं. चढवायचं काम त्यांनी तालुक्याला बहिणीच्या घरी, तिच्या वायफायवर दोन रविवारी केलं. खात्यात मुलीचं नाव दिलं. दर दिवाळीच्या सुट्टीत डिस्क जोडून दहा फाईली उघडून बघायच्या आणि प्लॅनची मुदत तपासायची, असं ठरलंय.

लाइफटाइम कधीच घेऊ नये असं मात्र मी म्हणणार नाही. घरात डिस्कवर पूर्ण प्रत आहे, सेवा जुनी आहे, चाचणीत ठसे जुळले, आणि ते पैसे उद्या बुडाले तरी चालतील असे आहेत, तर तिसरी प्रत म्हणून ती घ्यायला हरकत नाही. एकुलती एक प्रत म्हणून मात्र नको. आणि फाईल झाली म्हणून मूळ पत्र, मूळ कॅसेट टाकून द्यायची नाही.

पुढच्या रविवारी एवढं करून बघा. घरातल्या मोठ्या माणसाला विचारा, "आपले फोटो कोणाच्या खात्यात आहेत, पैसे कुठून जातात आणि ओटीपी कोणत्या नंबरवर येतो?" तीन उत्तरं कागदावर लिहा. तिन्ही ठिकाणी एकाच माणसाचं नाव आलं, तर दुसरं नाव त्याच दिवशी जोडा. आमच्याकडे हा प्रश्न कोणी वेळेत विचारला असता, तर आजीच्या ओव्या आज माझ्या वर्गातल्या मुलांनी ऐकल्या असत्या.